सगळे सीओ सारखेच का दिसतात? डेटा स्ट्रक्चर्सचं एक्सेल बैठकीत मांडताना

प्रश्न: नवी मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवतो. सीओ अटेनमेंटचं एक्सेल तयार आहे. सीओ१, २ आणि ३ ला २.२, सीओ४ ला १.८, सीओ५ ला २.०. टार्गेट २.० होतं. वर्ग ६६ जणांचा. अंतर्गतला २० टक्के, विद्यापीठाच्या पेपरला ८० टक्के वेटेज. ६०, ७०, ८० टक्के विद्यार्थी गुणांच्या टार्गेटवर गेले तर लेव्हल १, २, ३. एचओडी मॅडमनी पुढच्या शुक्रवारच्या बैठकीत दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन द्यायला सांगितलंय. एक्सेलच्या शीटच स्लाइडवर टाकू का? आणि सीओ४ बद्दल काय सांगू? शीट आणि टेस्ट दोनचा पेपर जोडला आहे.

उत्तर:

सर, शीट आणि पेपर दोन्ही नीट पाहिले. शीट स्लाइडवर टाकू नका, एवढं तर सांगतेच. पण त्याआधी शीटमधलीच एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यायची आहे, कारण तिच्यावर सगळं प्रेझेंटेशन उभं राहणार आहे.

विद्यापीठाच्या पेपरचे आपल्याकडे फक्त एकूण गुण येतात. कोणत्या मुलाला कोणत्या प्रश्नात किती मिळाले, हे संलग्न कॉलेजला कळत नाही. म्हणून तुम्ही इतर सगळे करतात तेच केलंत. ६६ पैकी ४७ जणांना ८० पैकी ४० किंवा जास्त गुण, म्हणजे ७१ टक्के, म्हणजे लेव्हल २, आणि हीच लेव्हल पाचही सीओंना चिकटवलीत. त्यात चूक काही नाही, दुसरा मार्गही नाही. पण त्याचा परिणाम काय होतो पाहा. २ गुणिले ०.८ म्हणजे १.६. प्रत्येक सीओला हे १.६ फुकट मिळाले. वर अंतर्गतचे जास्तीत जास्त ३ गुणिले ०.२, म्हणजे ०.६. तुमच्या वर्गाने अंतर्गतमध्ये काहीही केलं असतं तरी कुठलाच सीओ १.६ च्या खाली आणि २.२ च्या वर जाऊ शकत नव्हता. एखाद्या सीओचा एकही प्रश्न कुणाला आला नसता तरी तो १.६ वरच थांबला असता.

म्हणून तुमचे पाच बार जवळजवळ एका उंचीचे आले आहेत. बैठकीत हा बार चार्ट लावलात तर सगळे मान डोलावतील, कुणी तरी "सीओ४ कडे लक्ष द्या" म्हणेल आणि विषय संपेल. अंतिम आकडे फायलीसाठी लागतातच, एनबीएच्या टीमसमोर तेच ठेवायचे आहेत. पण विषयाचं कुठे दुखतंय हे विचारायचं असेल तर त्या आकड्यांत उत्तर नाही. ते अंतर्गतच्या प्रश्नवार गुणांत आहे. तेव्हा प्रेझेंटेशन २.२ आणि १.८ वर संपवू नका, तिथून मागे प्रश्नापर्यंत चालत जा.

आता सीओ४. ग्राफ ट्रॅव्हर्सल, बीएफएस आणि डीएफएस. टेस्ट दोनमधला शेवटचा, सक्तीचा, पाच गुणांचा प्रश्न. तीन किंवा जास्त गुण ४१ जणांना, ६२ टक्के, लेव्हल १. उरले २५. तुमच्या शीटमध्ये या २५ जणांपैकी ११ जणांपुढे १ किंवा २ आहे आणि १४ जणांपुढे शून्य आहे. हे दोन गट वेगळे आहेत. पाच गुणांच्या प्रश्नात मुलाने ग्राफ काढून दोन-चार नोड जरी लिहिले तरी आपण सहसा अर्धा-एक गुण देतो. एवढी शून्यं बहुधा कोऱ्या पानांची असतात. पण शीटवरून ते नक्की सांगता येत नाही, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढावा लागेल. पंचवीस पेपर आहेत, एका दुपारचं काम आहे, आणि शुक्रवारच्या आधी हे एवढंच काम खरं महत्त्वाचं आहे.

कोरी पानं पाहताना त्याच्या आधीचं उत्तर कसं संपलं आहे ते बघा. आधीचं उत्तर मध्येच तुटलेलं असेल, शेवटच्या ओळी घाईत लिहिलेल्या असतील, तर मुलाला वेळ पुरला नाही. म्हणजे तो प्रश्न सीओ४ चा नाही, तुमच्या पेपरच्या लांबीचा आहे. आधीचं उत्तर व्यवस्थित संपलं असेल, खाली रेघ मारलेली असेल आणि पुढे काहीच नसेल, तर त्याला ग्राफ आलाच नाही. मग हजेरीपत्रक उघडा आणि ते तास कधी झाले ते पाहा. ग्राफ हा भाग पावसाळ्यातल्या सत्रात हमखास उशिरा येतो. जुलै-ऑगस्टच्या पावसात ट्रान्स-हार्बर आणि हार्बर बंद पडली की एखादा दिवस जातो, गणपतीत आठवडा जातो, आणि सगळी ओढाताण शेवटच्या मॉड्यूलवर येते. माझ्या एका बॅचला चार तासांचा ग्राफ मी दोन तासांत आटोपला होता. त्या वर्षीचा आकडा खाली आला तेव्हा बैठकीत मी "विद्यार्थ्यांचा पाया कच्चा आहे" असं म्हटलं. दोन दिवसांनी लेक्चर प्लॅन आणि हजेरी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा कळलं की कच्चं माझं नियोजन होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण मिनिट्समध्ये मुलांवर ठपका राहिला.

उरलेल्या ११ पेपरांत चूक कुठे होते ते शोधा. ग्राफच्या प्रश्नात मला दोन चुका पुन्हा पुन्हा दिसल्या आहेत. एक, भेट दिलेल्या नोडवर खूण न करणं, त्यामुळे तोच नोड दोनदा येतो. दुसरी, बीएफएस म्हणून सुरुवात करून मधूनच खोलवर जात डीएफएसचा क्रम लिहिणं. पहिली निष्काळजीपणाची असू शकते. दुसरी म्हणजे क्यू आणि स्टॅकचा या दोन पद्धतींशी काय संबंध आहे तेच डोक्यात बसलेलं नाही, आणि ते सीओ२ पर्यंत मागे जातं. अकरांपैकी सात-आठ जणांची एकच चूक निघाली तर ती स्लाइडवर दाखवण्यासारखी आहे. अकरा वेगवेगळ्या चुका निघाल्या तर त्यावर वर्गासाठी सांगण्यासारखं काही नाही, त्या मुलांशी वेगळं बोलावं लागेल.

पण मला खरी काळजी सीओ४ ची वाटत नाही. ती सीओ३ ची वाटते, जिथे तुम्हाला २.२ मिळाले आहेत.

तुमचा सीओ३ म्हणतो, विद्यार्थ्याला बायनरी सर्च ट्री आणि एव्हीएल ट्री बांधता आला पाहिजे. पेपरात त्याच्यासाठी पाच गुणांचा एकच प्रश्न आहे आणि त्यात पर्याय आहे: (अ) दिलेल्या आकड्यांचा एव्हीएल ट्री रोटेशन्स दाखवून बांधा, किंवा (ब) बायनरी ट्रीच्या प्रकारांवर टीप लिहा. मी तुमच्या शीटमध्ये मोजलं. (अ) घेतला २४ जणांनी, (ब) घेतला ३८ जणांनी, चौघांनी काहीच लिहिलं नाही. (अ) मध्ये २० जण टार्गेटवर, (ब) मध्ये ३१. मिळून ६२ पैकी ५१, म्हणजे ८२ टक्के, लेव्हल ३.

आता सीओचं क्रियापद पाहा. "बांधता आला पाहिजे". ३८ जणांनी काहीच बांधलेलं नाही, त्यांनी वर्णन लिहिलं आहे. ट्री बांधून दाखवला आणि गुणही मिळवले असे ६६ पैकी २० आहेत, म्हणजे ३० टक्के. उरलेल्या मुलांना एव्हीएल येत नाही असं मी म्हणत नाही. येतो की नाही हे तुमच्या पेपरला माहीत नाही, एवढंच. आणि ज्याला येतो तोच बहुतेक (अ) घेतो, म्हणून पर्यायी प्रश्नाचा टक्का नेहमी वर चढलेला दिसतो. त्या टक्क्याशेजारी किती जणांनी तो प्रश्न घेतला हा आकडा नसेल तर तो बैठकीत दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय हे ८२ टक्के किती नाजूक आहेत तेही बघा. ६२ जणांच्या ८० टक्क्यांसाठी किमान ५० जण लागतात. तुमचे ५१ आहेत. दोघांना अर्धा-अर्धा गुण कमी पडला असता तर ४९ झाले असते, ७९ टक्के, लेव्हल २, आणि तुम्ही बैठकीत वेगळं बोलला असता. न लिहिलेल्या चौघांनाही छेदात धरलं तरी ६६ पैकी ५१ म्हणजे ७७ टक्के, पुन्हा लेव्हल २. त्या चौघांना धरायलाच हवं, कारण दोन्ही पर्याय एकाच सीओचे होते आणि त्यांनी एकही घेतला नाही. लेव्हल हा जिना आहे, पायरीच्या काठावर उभा असलेला आकडा खालच्या पायरीपेक्षा फार वेगळा नसतो. म्हणून बैठकीत लेव्हल न दाखवता टक्के आणि मुलांची संख्या दाखवा.

इथे शीटमधलं एक तांत्रिक काम करून घ्या. तुम्ही काही ठिकाणी न सोडवलेल्या पर्यायाला मोकळा सेल ठेवला आहे आणि काही ठिकाणी शून्य टाकलं आहे. दोन्हींचा अर्थ एक्सेलला वेगळा लागतो. पर्याय म्हणून सोडून दिलेल्या प्रश्नाला `NA`, गैरहजर असेल तर `AB`, आणि सक्तीचा प्रश्न कोरा असेल तर `0`, असा एकच नियम ठेवा. `COUNT` फक्त आकडे मोजतो, अक्षरं सोडून देतो, त्यामुळे खालचं सूत्र प्रत्येक पर्यायासाठी आपोआप सोडवणाऱ्यांचाच छेद घेईल; पूर्ण सीओचा टक्का काढताना मात्र ते चौघे छेदात धरा:

```
=COUNTIF(F6:F71,">=3")/COUNT(F6:F71)
=COUNT(F6:F71)/ROWS(F6:F71)
```

पहिली ओळ सोडवणाऱ्यांपैकी किती जण टार्गेटवर गेले ते सांगते, दुसरी वर्गातल्या किती जणांनी तो पर्याय घेतला ते. दोन्ही शेजारी ठेवा. आणि एका सीओवर दोन-दोन गुणांचे छोटे प्रश्न असतील तर प्रत्येक प्रश्नाला वेगळं टार्गेट लावू नका. दोनाचे साठ टक्के १.२ होतात, मग एक गुण मिळवणारा मुलगा उगाच बाहेर पडतो. आधी त्या सीओचे सगळे गुण मुलागणिक एकत्र करा आणि मग साठ टक्के लावा.

टर्मवर्कबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. सगळ्यांना २५ पैकी २० ते २३ मिळालेले असतात. त्यातून कुठला सीओ कमकुवत हे कधीच कळणार नाही, तेव्हा ते प्रेझेंटेशनमधून वगळा. ओरलचे गुण थोडे बरे असतात, पण तेही प्रश्नवार नोंदवलेले नसतील तर उपयोग नाही.

आता दहा मिनिटं. माझ्या हिशोबाने पाच स्लाइड पुरतात.

पहिल्या स्लाइडवर अटेनमेंटची व्याख्या, व्हिजन-मिशन वगैरे काही नको, समोर बसलेले सगळे तेच रोज करतात. तिथे पाच ओळींचा एक तक्ता ठेवा. सीओ थोडक्यात मराठीत किंवा इंग्रजीत, पण वाक्यात लिहिलेला; नुसतं "सीओ३" लिहिलंत तर तुमच्याशिवाय कुणालाच तो काय होता ते आठवणार नाही. त्याच्यापुढे अंतर्गत परीक्षेत टार्गेटवर गेलेल्यांचा टक्का, आणि तो टक्का किती गुणांच्या प्रश्नांवर आधारलेला आहे. हा तिसरा रकाना फार कमी लोक ठेवतात, पण सीओ३ पुढे "५ गुण, पर्यायासह" हे वाचलं की समोरचा शिक्षक स्वतःच प्रश्न विचारतो. तक्त्याखाली एका ओळीत विद्यापीठाचा निकाल, ६६ पैकी ४७, आणि तो सगळ्या सीओंना समान धरला आहे हे वाक्य. अंतिम २.२ आणि १.८ याच स्लाइडच्या कोपऱ्यात असू द्या.

दुसरी सीओ४ ची. ४१, ११, १४ असे तीन तुकडे असलेली एकच आडवी पट्टी. शीर्षक म्हणून "सीओ४ ॲनालिसिस" लिहू नका. गठ्ठा पाहून जे निघेल ते पूर्ण वाक्यात लिहा, उदाहरणार्थ "ग्राफचा प्रश्न चौदा जणांनी कोरा सोडला, त्यांपैकी नऊ जणांना वेळ पुरला नाही". नऊ हा आकडा मी उदाहरणापुरता लिहिला आहे, तुमच्या पेपरांतून जो येईल तो टाका.

तिसरी सीओ३ ची. तुमच्या पेपरातले दोन्ही पर्याय शब्दशः शेजारी शेजारी, खाली २४ आणि ३८. या स्लाइडवर आलेख लागत नाही. दोन प्रश्न वाचले की शिक्षकांना कळतं. इथे तुम्ही स्वतःच सांगा की २.२ हा आकडा तुम्हाला भरवशाचा वाटत नाही आणि का वाटत नाही. टार्गेट गाठलेल्या सीओवर स्वतःहून शंका घेणं विचित्र वाटेल, पण याच स्लाइडवर खरी चर्चा होईल, कारण असे पर्याय तुमच्या एकट्याच्या पेपरात नसतात.

चौथ्या स्लाइडवर दोन उत्तरांचे फोटो, एक बरोबर, एक नेहमीची चूक असलेलं. नाव, रोल नंबर, सीट नंबर झाकून. प्रोजेक्टरवर पेन्सिलच्या आकृत्या दिसत नाहीत, तेव्हा शाईतली उत्तरं निवडा आणि आधी रिकाम्या वर्गात लावून पाहा.

पाचवीवर विभागाकडून काय हवं आहे ते. "रेमेडियल लेक्चर्स घेतले जातील" हे वाक्य मी शेकडो अहवालांत वाचलं आहे आणि त्यातून काय बदललं हे कुणालाच सांगता आलेलं नाही. त्याऐवजी दोन गोष्टी मागा. पहिली, पुढच्या वर्षीपासून टेस्टच्या पर्यायी प्रश्नांत दोन्ही पर्याय एकाच सीओचे आणि एकाच पातळीचे असावेत. एक बांधा म्हणत असेल तर दुसराही बांधाच म्हणेल. पेपर छापायला जाण्याआधी दुसऱ्या एका शिक्षकाने फक्त एवढंच तपासायचं. दुसरी गोष्ट आत्ताच्या मुलांसाठी. तुमचा वर्ग चौथ्या सत्रात ॲनालिसिस ऑफ अल्गोरिदम्सला बसला आहे, आणि तिथे ग्राफ आणि ट्री दोन्ही लागतात. तो विषय जे शिकवतात त्यांच्याकडे पहिल्या लॅबमधली वीस मिनिटं मागा. एक एव्हीएल आणि एक बीएफएस, दोन्ही सक्तीचे, गुण न देता. तेव्हाच कळेल की ३० टक्के खरे होते की ८२. दोन्ही मागण्यांपुढे नाव आणि तारीख लिहा.

त्या शिक्षकांशी बैठकीच्या आधी बोलून घ्या. भर बैठकीत "तुमची लॅब मला द्या" असं कुणाला ऐकवू नये. तसंच दुसरं डिव्हिजन जे शिकवतात त्यांचे आकडे तुमच्या स्लाइडवर घ्यायचे असतील तर त्यांना आधी दाखवा आणि त्यांचा पेपर वेगळा असेल तर तुलना करूच नका. दोन वेगळ्या पेपरांची टक्केवारी शेजारी ठेवली की बैठक विषयावरून माणसांवर घसरते, आणि मग पुढच्या वर्षी कुणीही खरे आकडे आणत नाही. मागच्या वर्षीशी तुलनेलाही हेच लागू आहे. टार्गेट किंवा प्रश्नाचा प्रकार बदलला असेल तर दोन वर्षांमधून सलग रेष ओढू नका.

कुणी "वर्गच कमकुवत आहे" म्हणालं तर वाद घालू नका. तिसऱ्या स्लाइडवर परत जा आणि विचारा की या पेपरवरून ते ठरवता येईल का.

शेवटी एक विनंती. मिनिट्स जे लिहितात त्यांना निर्णयाचं वाक्य तुम्ही स्वतः लिहून द्या, नाहीतर रजिस्टरमध्ये "सीओ अटेनमेंटवर चर्चा झाली" एवढंच येतं. वाक्यात सीओ, आत्ताचा आकडा, काय बदलणार, कोण करणार आणि पुन्हा कधी मोजणार हे असू द्या: "सीओ३ च्या प्रश्नाचे दोन्ही पर्याय ट्री बांधण्याचेच असतील, आत्ता ६६ पैकी २० जणांनी ट्री यशस्वीपणे बांधला, पुढच्या टेस्टनंतर आठवडाभरात विषय शिक्षक नवी संख्या विभागाला सादर करतील". पुढच्या वर्षी तुमची पहिली स्लाइड याच वाक्याने सुरू करा.

गठ्ठा पाहून झाला की त्या १४ पेपरांत काय निघालं ते मला जरूर कळवा.